बाहेर ८०, आत २०० : जाड भिंतीच्या सिलिंडरचं एक प्रकरण

विचारणा साधी होती. एक चाचणी-सिलिंडर आहे, त्यात द्रव भरून १२० मेगापास्कलपर्यंत दाब देतात आणि आत ठेवलेल्या सुट्या भागांची परीक्षा घेतात. आता नव्या भागांसाठी १६० मेगापास्कल हवेत. चालेल का?

सोबत दोन कागद होते. पहिला मूळ डिझाइनचा. आतली त्रिज्या ५० मिमी, बाहेरची १०० मिमी, पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं ताणलं जातं तो स्ट्रेस, ३५० मेगापास्कल, दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं. गणित एका ओळीचं: दाब गुणिले आतली त्रिज्या भागिले जाडी, म्हणजे १२० × ५० ÷ ५० = १२० मेगापास्कल. ३५० ला १२० ने भागलं की जवळपास तिप्पट सुरक्षितता. दुसरा कागद चाचणी विभागाचा. त्यांनी सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर स्ट्रेन गेज चिकटवून १२० च्या दाबाला प्रत्यक्ष मोजलं होतं, आणि तिथला हूप स्ट्रेस, म्हणजे परिघाच्या दिशेचा ताण, भरला फक्त ८०. खाली शेरा: ‘प्रत्यक्ष स्ट्रेस डिझाइनपेक्षाही कमी. १६० ला हरकत नसावी.’

गणित १२० म्हणतं, मोजमाप ८० म्हणतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. आणि या सिलिंडरचा निकाल लावणारा आकडा या दोन्हींपैकी एकही नाही.

आधी मोजमापावर कितपत विसंबायचं ते पाहू. गेज दोन दिशांना होती. परिघाच्या दिशेला ३४० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे मूळ मापाच्या दशलक्षात ३४० भाग वाढ, लांबीच्या दिशेला ८०. बंद टोकांच्या सिलिंडरमध्ये बाहेरच्या अंगावर हूप स्ट्रेस हा लांबीच्या दिशेच्या स्ट्रेसच्या बरोबर दुप्पट असतो, मग भिंत कितीही जाड असो. पॉयसन गुणोत्तर ०.३ धरलं तर दोन वाचनांचं गुणोत्तर १.७ ÷ ०.४, म्हणजे ४.२५ यायला हवं. ३४० ला ८० ने भागा, ४.२५ च येतं. हे गुणोत्तर मी नेहमी सगळ्यात आधी तपासतो, कारण त्याला दाब किंवा जाडी माहीत असण्याची गरज नसते. ते बिघडलेलं असेल तर गेज झाकणाच्या फार जवळ लागलेली असते, नाहीतर सिलिंडर कुठेतरी वाकत असतो, नाहीतर झाकणावरचा भार भिंतीतून न जाता दुसऱ्याच वाटेने जात असतो. इथे गेज दोन्ही टोकांपासून दूर, मधोमध होती. पोलादाचा यंग गुणांक २०० गिगापास्कल धरून हूप स्ट्रेस ८० आणि लांबीचा ४० भरतो. मोजणाऱ्यांनी काम चोख केलं होतं.

आता बाहेरच्या ८० वरून आत काय चाललंय ते काढायचं. जाड भिंतीच्या सिलिंडरचं हे गणित फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे यांनी एकोणिसाव्या शतकात सोडवलं. सूत्रं दोन ओळींत मावतात. `σθ` हा हूप स्ट्रेस, `σr` हा रेडियल, म्हणजे त्रिज्येच्या दिशेचा स्ट्रेस, `p` दाब, `a` ही आतली त्रिज्या, `b` बाहेरची, `k = b/a`, आणि `r` म्हणजे भिंतीत आपण जिथे पाहतोय ती त्रिज्या.

```
σθ = p/(k² − 1) · (1 + b²/r²)
σr = p/(k² − 1) · (1 − b²/r²)
```

ही सूत्रं पाठ करण्यापेक्षा त्यांची बेरीज करून पाहावी. `b²/r²` कटतं, आणि `σθ + σr` ही बेरीज भिंतीत सगळीकडे एकच राहते. आतून बाहेर कुठेही जा, ती बदलत नाही. यामागे कारणही आहे. आडवा छेद दाबाखाली सपाटच राहतो, म्हणजे लांबीच्या दिशेचा स्ट्रेन सगळीकडे सारखा असतो. लांबीचा स्ट्रेसही सारखाच असल्यामुळे, पॉयसनच्या परिणामातून लांबीवर फरक पाडणारी `σθ + σr` ही बेरीज बदलली असती तर छेद फुगला तरी असता किंवा खोलगट तरी झाला असता.

ही बेरीज बाहेरच्या अंगावर सगळ्यात सोपी होते. तिथे बाहेरून दाब नाही, म्हणून रेडियल स्ट्रेस शून्य. म्हणजे गेजने दिलेले ८० हीच ती बेरीज. आतल्या अंगावर रेडियल स्ट्रेस किती असणार? द्रव थेट भिंतीवर रेटतोय, म्हणून उणे १२०. मग हूप स्ट्रेस ८० + १२० = २०० असायलाच हवा. बाहेर जे मोजलं त्यात दाब मिळवा, आतला हूप स्ट्रेस हातात येतो. लामेच्या सूत्रात `r = 50` घालूनही २०० च येतात.

भिंतीतून आतून बाहेर जाताना हे दोन स्ट्रेस कसे बदलतात ते या तक्त्यात पाहा. सगळे आकडे मेगापास्कलमध्ये, दाब १२०.

| त्रिज्या (मिमी) | हूप स्ट्रेस | रेडियल स्ट्रेस |
|---|---|---|
| ५० | २०० | −१२० |
| ६० | १५१ | −७१ |
| ७० | १२२ | −४२ |
| ८० | १०२.५ | −२२.५ |
| १०० | ८० | ० |

कोणतीही ओळ घ्या, दोन रकान्यांची बेरीज ८०. दोन्ही वक्र एकाच आकाराचे आहेत, एकमेकांच्या आरशातले. एक वरून खाली उतरतो, दुसरा खालून वर चढतो, आणि उतार-चढाव दोन्हीकडे सारखाच. बदलाचा वेगही लक्षात घेण्याजोगा आहे. आतल्या पहिल्या १० मिमीत हूप स्ट्रेस ४९ ने उतरतो, बाहेरच्या शेवटच्या २० मिमीत फक्त २२.५ ने. बाहेरची निम्मी भिंत बऱ्यापैकी आरामात असते.

असं का होतं ते समजून घ्यायचं तर स्ट्रेसऐवजी भिंत किती सरकते ते पाहावं. १२० च्या दाबाला बोअरची, म्हणजे आतल्या पोकळीची, त्रिज्या ०.०५६ मिमीने वाढते आणि बाहेरची ०.०३४ मिमीने. सरकण्यातला फरक दुपटीचाही नाही. पण आतलं वर्तुळ मुळातच लहान, त्यामुळे ५० वर ०.०५६ म्हणजे ११२० मायक्रोस्ट्रेन, तर १०० वर ०.०३४ म्हणजे ३४०. आतला थर तीनपटीहून जास्त ताणला जातोय. पातळ भिंतीत आतलं आणि बाहेरचं वर्तुळ जवळजवळ एकाच मापाचं असतं, म्हणून तिथे हा भेद उरत नाही आणि एकच आकडा पुरतो.

मग मूळ डिझाइनमधले १२० कुठले? दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी हे सूत्र चुकीचं नाही. सिलिंडर उभा मधोमध कापला तर एका अर्ध्याला ढकलणारं बळ आणि त्याला धरून ठेवणारं भिंतीतलं बळ यांचा ताळा त्यात आहे, आणि हा ताळा जाड भिंतीतही तंतोतंत बसतो. फक्त त्यातून निघते ती सरासरी. भिंतीत एका जागी हूप स्ट्रेस खरोखरच १२० असतो, ७०.७ मिमीच्या त्रिज्येवर, म्हणजे `a` आणि `b` यांच्या गुणोत्तर मध्यावर. त्याच्या आत सगळीकडे जास्त. पोलाद सरासरीला यील्ड होत नाही, ते सगळ्यात जास्त ताणाच्या जागी होतं.

आणि २०० हाही शेवटचा आकडा नव्हे. २०० म्हणजे ३५० च्या बरेच खाली, असं म्हणून पुष्कळ जण इथेच थांबतात. पण बोअरच्या पृष्ठभागावरचा धातूचा कण एकाच वेळी परिघाच्या दिशेने २०० ने ओढला जातोय आणि त्रिज्येच्या दिशेने १२० ने चेपला जातोय. या दोन्ही गोष्टी त्याला एकाच प्रकारे घसरवू पाहतात. ट्रेस्काच्या निकषाने यील्ड ठरतं ते सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान स्ट्रेसमधल्या फरकावर. २०० वजा (−१२०), म्हणजे ३२०. तिप्पट वाटणारी सुरक्षितता १.०९ वर आली. फोन मीझेसच्या निकषाने, जो पोलादाला जास्त जवळचा आहे, समतुल्य स्ट्रेस २७७ येतो आणि सुरक्षितता १.२६. रेडियल स्ट्रेस ऋण आहे म्हणून तो मदतीला येतो, ही समजूत इथे उलटी पडते.

आता १६० चा प्रश्न. सगळं दाबाच्या प्रमाणात वाढतं. बाहेर हूप १०६.७, आत २६६.७, रेडियल उणे १६०. ट्रेस्काने फरक ४२७, फोन मीझेसने ३६९.५. दोन्ही ३५० च्या वर. म्हणजे बोअर यील्ड होणार.

चाचणी विभागातल्या सहकाऱ्याचा यावरचा प्रश्न रास्त होता. ‘सर, यील्ड झालं तर गेज दाखवेलच की. हळूहळू दाब वाढवू, वाचन सरळ रेषेतून हललं की थांबू.’ पातळ नळीवर हे चाललं असतं. इथे काय होतं ते आकड्यांनी पाहिलं. पोलाद यील्डनंतर न कडकता वाहतं असं मानून ट्रेस्काच्या निकषाने गणित केलं, तर १६० ला यील्ड झालेला थर बोअरपासून साधारण ६ मिमी खोल जातो. त्याच वेळी बाहेरचा हूप स्ट्रेस १०६.७ च्या जागी ११० होतो. तीन टक्क्यांचा फरक. दाब उतरवल्यावर गेज शून्यावर न येता पंधराएक मायक्रोस्ट्रेनवर अडकली, तर तेवढीच एक खूण मागे राहील, आणि गेजची तापमान-भरपाई नीट नसेल तर अंशभर तापमान बदलल्यानेही जवळपास तेवढंच वाचन हलतं. आतला सहा मिमी धातू वाहून गेला आणि बाहेरून कळलंच नाही, असं सहज होऊ शकतं. दाब उतरवल्यावर बोअर मोजणं ही जास्त भरवशाची तपासणी, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हेही सांगायला हवं की सिलिंडर १६० ला फुटला नसता. पूर्ण भिंत यील्ड व्हायला ट्रेस्काने `σy · ln k`, म्हणजे ३५० × ०.६९३ = २४३ मेगापास्कल लागतात. पण रोज वापरायच्या भांड्याचा बोअर बेहिशेबी यील्ड होऊ द्यायचा, हा काही डिझाइनचा मार्ग नव्हे.

पुढचा विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच होता: भिंत जाड करू. `a` तेवढीच ठेवून `b` वाढवायची. ट्रेस्काने बोअर यील्ड व्हायला लागणारा दाब असा:

```
p_y = (σy/2) · (1 − 1/k²)
```

`k = 2` ला १३१, `k = 3` ला १५६, `k = 4` ला १६४. दोनवरून चारवर गेलो तर धातू पाचपट लागतो आणि दाब वाढतो पंचवीस टक्के. `k` अनंत केला तरी १७५ च्या वर जाता येत नाही. यील्डच्या निम्म्याहून जास्त दाब एकसंध सिलिंडर लवचिक राहून पेलूच शकत नाही. कारण तक्त्यात आधीच दिसलं आहे. बाहेर लावलेला नवा धातू जिथे भार कमी आहे तिथेच बसतो, बोअरच्या कणाला त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. बोअरवर रेडियल स्ट्रेस दाबाइतका राहणारच, त्यात कितीही जाड भिंत फरक करू शकत नाही.

या गणिताचा एक नको असलेला निष्कर्षही निघाला, आणि तो अहवालात लिहावाच लागला. यील्डवर निदान दीडपट सुरक्षितता ही आमची अट. १३१ ला १.५ ने भागलं तर ८७ येतात. म्हणजे हा सिलिंडर १६० ला तर नाहीच, १२० लाही ट्रेस्काच्या हिशेबाने अटीत बसत नव्हता. फोन मीझेस धरला तरी मर्यादा १०१ वर येते. दाब वाढवून मागायला आलेल्यांना दाब उतरवण्याचा सल्ला मिळाला. थोडी कुरबुर झाली, पण जुना सिलिंडर ८५ च्या कामांना ठेवला गेला आणि १६० साठी नवा करायचं ठरलं.

नव्यासाठी आधी पोलाद बदललं. कडक करून टेंपर केलेलं, ६०० यील्डचं. एकसंध सिलिंडर, मापं तीच: ६०० ÷ ४२७ = १.४१. दीडच्या थोडं खालीच. इथे दोन वाटा होत्या. एक ऑटोफ्रेटाज, म्हणजे वापराआधी एकदाच मोठा दाब देऊन आतला थर मुद्दाम यील्ड करायचा, म्हणजे दाब काढल्यावर बाहेरची लवचिक भिंत त्याला कायमचं आवळून धरते. ही पद्धत उत्तम आहे, पण ६०० च्या पोलादाला त्यासाठी ३०० च्या वर दाब देणारा पंप लागतो, आणि तो नव्हता. दुसरी वाट श्रिंक फिटची: एक पातळ सिलिंडर आत, त्यावर दुसरा तापवून चढवायचा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात तसं. बाहेरचा थंड होताना आतल्याला आवळतो, त्याचा हूप स्ट्रेस दाब येण्याआधीच ऋण करून ठेवतो.

जोड कुठे ठेवायचा आणि किती आवळायचं? दोन्ही तुकड्यांच्या आतल्या पृष्ठभागांवर फरक सारखा यावा, म्हणजे एक थकलेला आणि दुसरा निवांत असं होऊ नये. त्यासाठी जोड `√(ab)` वर, म्हणजे ७०.७ मिमीवर ठेवायचा. जोडावरचा आवळण्याचा दाब `pc` धरला, तर १६० च्या दाबाला बोअरवरचा सर्वाधिक शिअर `213.3 − 2·pc` आणि बाहेरच्या तुकड्याच्या आतल्या अंगावरचा `106.7 + 2·pc`. दोन्ही सारखे केले की `pc` येतो २६.७ मेगापास्कल. त्यासाठी व्यासावर लागणारं इंटरफिअरन्स, म्हणजे आतल्या तुकड्याचा बाहेरचा व्यास बाहेरच्याच्या बोअरपेक्षा जेवढा मोठा ठेवायचा तो फरक:

```
δ = d · (pc/E) · 6 = 141.4 · (26.7/200000) · 6 ≈ 0.113 mm
```

तो ६ म्हणजे दोन्ही तुकड्यांच्या `(k² + 1)/(k² − 1)` ची बेरीज, प्रत्येकी ३. दोन्ही तुकडे एकाच पोलादाचे असल्याने पॉयसनचे हिस्से कटतात.

या जोडणीत १६० च्या दाबाला हूप स्ट्रेसचा आलेख सलग राहत नाही. बोअरवर १६०, तिथून उतरत जोडाच्या आतल्या बाजूला ८०. जोड ओलांडला की एकदम २४०, आणि तिथून उतरत बाहेरच्या अंगावर १६०. रेडियल स्ट्रेस मात्र कुठेही उडी मारत नाही: बोअरवर उणे १६०, जोडावर उणे ८०, बाहेर शून्य. जोडाच्या दोन बाजू एकमेकींना सारख्याच जोराने रेटतात, म्हणून तिथे उडीला जागाच नाही. बेरजेचा नियमही प्रत्येक तुकड्यात आपापला टिकतो. आतल्यात बेरीज शून्य, बाहेरच्यात १६०. प्रत्येक तुकड्यात हूप स्ट्रेस तेवढाच उतरतो जेवढा त्याच्या दोन अंगांवरच्या दाबातला फरक आहे, इथे दोन्हीकडे ८०. ट्रेस्काचा फरक बोअरवर ३२० आणि जोडाच्या बाहेरच्या बाजूलाही ३२०. जुन्या एकसंध सिलिंडरमध्ये १२० ला जो ताण होता, तोच आता १६० ला. सुरक्षितता ६०० ÷ ३२०, म्हणजे १.८८.

कागदावर हे झालं. प्रत्यक्षात ०.११३ मिमी सांभाळणं हेच खरं काम. आतल्या तुकड्याचं बाहेरचं अंग ग्राइंडिंगने आणि बाहेरच्याचा बोअर होनिंगने आणला, आणि दोन्ही एकाच तापमानाला आल्यावरच मोजले. एक ताजा मशीनवरून काढलेला आणि दुसरा काल ठेवलेला असेल तर मोजमापाला अर्थ उरत नाही, कारण १४१ मिमीच्या व्यासावर दहा अंशांना ०.०१७ मिमी फरक पडतो. बाहेरचा तुकडा खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे १५० अंश जास्त तापवला. इंटरफिअरन्स भरून निघायला ६७ अंश पुरतात, उरलेलं तापवणं मोकळेपणासाठी. तुकडा अर्ध्यात अडकला तर तो ना पुढे जातो ना मागे येतो, आणि दोन्ही तुकडे भंगारात जातात. त्यामुळे इथे काटकसर करू नये. टेंपरिंग याहून खूप वरच्या तापमानाला झालेलं असल्याने पोलादाच्या गुणांना धक्का लागत नाही.

चढवल्यावर खरंच किती आवळलं ते कसं कळणार? जोडात डोकावता येत नाही. पण दोन मापं बाहेरून घेता येतात. हिशेबाने बोअरचा व्यास ०.०५३ मिमीने कमी व्हायला हवा आणि बाहेरचा व्यास ०.०५३ मिमीने वाढायला हवा. दोन्ही आकडे सारखेच निघतात, ते जोड `√(ab)` वर ठेवल्यामुळे. बोअर गेज आणि मायक्रोमीटरने चढवण्याआधी आणि नंतर, त्याच खुणांवर मोजलं. दोन्हीकडे ०.०४८ च्या आसपास भरलं. म्हणजे आवळण्याचा दाब २६.७ ऐवजी साधारण २४. श्रिंक फिटमध्ये असं थोडं कमी येणं नेहमीचंच, कारण दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे चेपले जातात आणि मोजलेल्या इंटरफिअरन्सपैकी थोडं त्यातच जातं. २४ धरून पुन्हा हिशेब केला. बोअरवरचा फरक ३३१ झाला, सुरक्षितता १.८१. अट पूर्ण होत होती, म्हणून तसंच पुढे गेलो. बोअर होन करून पुन्हा मूळ मापाला आणला. प्रत्येक बाजूला जेमतेम ०.०२४ मिमी धातू गेला, त्याने गणित हलत नाही.

नव्या रचनेत झाकणं भिंतीत आट्यांनी न बसवता बाहेरच्या टाय रॉडच्या चौकटीने धरली, म्हणून लांबीचा भार भिंतीवर येतच नाही. मग बाहेरच्या गेजचं गुणोत्तर ४.२५ राहत नाही. १६० ला परिघाच्या दिशेला ५३३ मायक्रोस्ट्रेन आणि लांबीच्या दिशेला उणे १६०, निव्वळ पॉयसनचं आकसणं. पहिल्या चाचणीत वाचनं याच्या जवळ आली, दाब उतरवल्यावर शून्यावर परतलीही.

आणि इथेच ‘बाहेर मोजा, दाब मिळवा’ या युक्तीची हद्द लागते. गेज ५३३ दाखवते, त्यातून बाहेरचा हूप स्ट्रेस १०६.७ निघतो, एकसंध सिलिंडरलाही एवढाच निघाला असता. पण गेज चिकटवून शून्य केली तेव्हा बाहेरच्या तुकड्यात श्रिंक फिटचे ४८ मेगापास्कल आधीच बसलेले होते, ते तिला ठाऊकच नाहीत. बाहेर खरा आकडा १५५ च्या आसपास. आणि १०६.७ मध्ये १६० मिळवून बोअरला २६६.७ म्हणावं, तर तेही खोटं, कारण बोअरवर श्रिंक फिटने ९६ आधीच वजा केलेले आहेत. गेज फक्त बदल मोजते. सिलिंडर मुळात निर्ताण होता, हे माहीत असेल तरच त्या बदलाला पूर्ण स्ट्रेस म्हणता येतं. जुन्या, आधी कधी किती दाब खाल्ला याची नोंद नसलेल्या सिलिंडरवर गेज लावून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दाबाच्या नळीसाठी भिंतीला आडवं भोक पाडायचा आग्रह झाला होता, तो मोडून काढला. लामेचं गणित भोक नसलेल्या भिंतीचं आहे. जुन्या सिलिंडरचेच आकडे घेतले, हूप २०० आणि लांबीचा ४०, तर बोअरला लहानसं आडवं भोक जिथे मिळतं त्या काठावर ढोबळमानाने तीनदा २००, वजा ४०, अधिक भोकातला दाब १२०, म्हणजे ६८० मेगापास्कल येतात. दाब वारंवार चढत-उतरत असेल तर चीर तिथूनच सुरू होते, आणि चिरेत शिरलेला द्रव तिला आणखी फाकवतो. नव्या सिलिंडरची नळी झाकणातून घेतली.

वापराच्या सूचनेत शेवटी एक तपासणी घातली. ठरावीक मुदतीने, सिलिंडर थंड आणि रिकामा असताना, बोअर तीन जागी मोजायचा: मधोमध आणि दोन्ही टोकांकडे. पहिल्या मापापेक्षा मधला व्यास ०.०२ मिमीहून जास्त वाढलेला आढळला तर दाब बंद करायचा, कारण तेव्हा एकतर बोअर यील्ड झालेला असतो किंवा जोडाची आवळ सैल पडलेली असते. दोन्हींमधला फरक बाहेरच्या व्यासावरून कळतो. आवळ सुटली असेल तर बाहेरचा व्यास लहान झालेला असतो, बोअर यील्ड झाला असेल तर तो किंचित मोठा.